टॉर्चचे सुटे लिथियम सेल आणि त्यांचा चार्जर

झगझगीत प्रकाशाच्या बहुतेक रिचार्जेबल टॉर्चमध्ये बोटाएवढ्या जाडीचा एक सुटा लिथियम-आयन सेल असतो. त्याच्या वेष्टनावर बहुधा १८६५० असा आकडा छापलेला दिसतो. हे त्याचे माप आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी आणि शेवटचे शून्य म्हणजे गोल नळकांड्याचा आकार. सेलचा सरासरी दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो आणि पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टवर जातो. चार्जर निवडताना सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा ४.२ आहे.

लिथियम-आयन सेल दोन टप्प्यांत भरायचा असतो. पहिल्या टप्प्यात चार्जर ठरावीक प्रवाह देतो आणि सेलचा दाब हळूहळू चढत जातो. दाब ४.२ व्होल्टला पोचला की चार्जरने तो तिथेच धरून ठेवायचा असतो. मग प्रवाह आपोआप घटू लागतो आणि तो सुरुवातीच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आला की चार्जरने पुरवठा पूर्ण तोडायचा असतो. थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचे अगदी स्वस्त चार्जर गफलत करतात ती इथे. काही ४.२ च्या पुढे जातात. काहींचा दिवा हिरवा होतो, पण थोडा प्रवाह मागून चालूच राहतो. निकेलच्या जुन्या रिचार्जेबल सेलना असा झिरपता प्रवाह चालून जाई. लिथियम सेल मात्र त्यामुळे लवकर खराब होतो आणि दाब वाढतच गेला तर धोकादायक होतो.

चार्जर कसा आहे हे साध्या मल्टिमीटरने कळते. हिरवा दिवा लागल्याबरोबर सेल बाहेर काढून दाब मोजावा. ४.१५ ते ४.२२ व्होल्ट आला तर ठीक. ४.२५ च्या वर आला तर तो चार्जर वापरू नये. दुसरी चाचणी म्हणजे सेल आणखी तीन-चार तास चार्जरमध्येच ठेवून पुन्हा मोजणे. दाब पहिल्यापेक्षा चढलेला दिसला, तर पुरवठा तुटलेला नाही असे समजावे.

प्रवाहाच्या बाबतीत घाई नडते. ३००० एमएएच क्षमतेच्या १८६५० सेलला १ ॲम्पिअर सोयीचा असतो. रिकामा सेल साडेतीन-चार तासांत भरतो. पण लहान टॉर्चमधल्या १६३४० सेलची क्षमता जेमतेम ७०० एमएएच असते आणि त्याला तोच १ ॲम्पिअर जास्त होतो. त्याला ०.२५ ते ०.५ ॲम्पिअर पुरे. म्हणून प्रवाह निवडता येणारा आणि प्रत्येक खाचेचा हिशेब वेगळा ठेवणारा चार्जर घ्यावा. लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारचे सेल दिसायला असेच असतात, पण ते ३.६५ व्होल्टला भरतात. त्यांच्यासाठी चार्जरवर वेगळी निवड करावी लागते, कारण सेल कोणता आहे हे चार्जरला नुसत्या दाबावरून खात्रीने ओळखता येत नाही.

आता संरक्षक सर्किट. १८६५० हा मुळात लॅपटॉपसारख्या वस्तूंच्या बॅटरी-संचात बसवण्यासाठी बनणारा सेल आहे आणि तिथे त्याचे रक्षण संचातले सर्किट करते. सुट्या सेलला ते कवच नसते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०२१ मध्ये ग्राहकांनी सुटे १८६५० सेल विकत घेऊ नयेत असा इशारा दिला तो याच कारणाने. टॉर्चसाठी विकल्या जाणाऱ्या ‘प्रोटेक्टेड’ सेलच्या ऋण टोकाला नाण्यासारखी एक गोल चकती असते आणि तिच्यापासून धन टोकापर्यंत धातूची पातळ पट्टी वेष्टनाखालून जाते. दाब साधारण ४.२५ ते ४.३ च्या वर गेला, २.५ च्या आसपास उतरला किंवा शॉर्ट सर्किट झाले, की ही चकती सेल तोडते. तिच्यामुळे लांबी ६८ ते ७० मिलिमीटर होते. म्हणून चार्जरची खाच तेवढी ताणली जाते का, हे आधी पाहावे. उलट, वेष्टनावर ‘प्रोटेक्टेड’ लिहिलेला सेल नेमका ६५ मिलिमीटर भरला आणि अंगावर पट्टीचा उंचवटा लागला नाही, तर त्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

ही चकती शेवटचा बचाव आहे. तिच्या भरवशावर वाईट चार्जर वापरणे चुकीचे. चकतीचा तोडण्याचा दाब ४.२ च्या वर असतो, त्यामुळे रोज ४.२५ पर्यंत भरणाऱ्या चार्जरला ती अडवतही नाही आणि सेल झिजत राहतो.

टॉर्च विझेपर्यंत वापरली की चकती सेल तोडते आणि मल्टिमीटर शून्य दाखवतो. सेल मेला असे वाटते, पण बरेचदा तो जिवंत असतो. चांगला चार्जर आधी अगदी थोडा प्रवाह देऊन चकती पुन्हा जोडतो आणि दाब एकदम तीन व्होल्टच्या आसपास उडी घेतो. चकती नसलेला सेल मात्र खरोखरच दोन व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला असेल, तर आतल्या पत्र्याचे तांबे विरघळलेले असू शकते. तो पुन्हा भरताना आतून शॉर्ट होण्याचा धोका असतो, म्हणून टाकून द्यावा.

उरला प्रश्न खोट्या क्षमतेचा. बाजारात ९९०० एमएएच छापलेले १८६५० सेल सर्रास मिळतात. नामांकित कंपन्यांचे या मापाचे उत्तम सेल साधारण ३५०० एमएएचचे असतात. असा सेल सुमारे ४८ ग्रॅमचा असतो आणि त्यात साडेबारा वॉट-तास ऊर्जा मावते. ९९०० चा दावा खरा धरला तर तेवढ्याच डब्यात ३६ वॉट-तास बसवावे लागतील, म्हणजे जवळजवळ तिप्पट. प्रत्यक्षात असे बरेच सेल हलके असतात. तीस-पस्तीस ग्रॅम भरणाऱ्या सेलबद्दल वजनकाट्यावरच शंका घ्यावी. काहींच्या आत लहान सेल आणि उरलेल्या जागेत पूड भरलेली आढळली आहे, तर काही जुन्या लॅपटॉपमधून काढून नवे वेष्टन चढवलेले असतात. वजन योग्य असले म्हणून सेल खरा ठरत नाही, कारण थकलेला जुना सेलही पूर्ण वजनाचा असतो.

निकाल लागतो मोजणाऱ्या चार्जरवर. क्षमता-चाचणीची सोय असलेला चार्जर सेल पूर्ण भरतो, मग ठरावीक प्रवाहाने रिकामा करत मोजतो आणि पुन्हा भरतो. समजा ९९०० चा सेल ०.५ ॲम्पिअरने रिकामा करताना दोन तास वीस मिनिटांतच संपला: म्हणजे सुमारे ११६५ एमएएच, छापलेल्या आकड्याच्या आठव्या हिश्श्याइतके. अस्सल ३५०० चा सेल याच चाचणीत ३२०० च्या आसपास आला तर त्यात फसवणूक नाही. कंपन्या आपला आकडा २.५ व्होल्टपर्यंत उतरवून काढतात, तर चार्जर अनेकदा त्याआधी, ३ व्होल्टच्या जवळ थांबतो. चाचणीची सोय नसलेल्या चार्जरवरही अंदाज येतो: १ ॲम्पिअरवर पूर्ण रिकामा सेल सव्वा-दीड तासात हिरवा झाला, तर त्याच्या पोटात दीड हजार एमएएच एवढेही मावत नाही.