मार्कडाउनमधील उपयादी व कोड ब्लॉक यांची चुकीची मांडणी

मार्कडाउन ही साध्या मजकुरातील चिन्हांवरून एचटीएमएल तयार करणारी लेखनपद्धती आहे. तिच्यात शीर्षकासाठी किंवा ठळक अक्षरांसाठी स्वतंत्र चिन्हे आहेत. मात्र एखादा मजकूर यादीतील कोणत्या कलमाच्या पोटात येतो, हे ओळीच्या आरंभी सोडलेल्या मोकळ्या जागेवरून ठरते. ही जागा कमी-अधिक झाल्यास किंवा आवश्यक तेथे रिकामी ओळ नसल्यास उपयादी मुख्य यादीबाहेर पडते, क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात किंवा साधा मजकूर कोड म्हणून दिसू लागतो.

## पार्श्वभूमी

जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन प्रसिद्ध केले. मूळ वर्णनात कलमाच्या पोटातील परिच्छेदासाठी चार स्पेस किंवा एक टॅब सांगितला होता. परंतु उपयादी नेमकी किती आत असावी, हे स्पष्ट नव्हते. परिणामी निरनिराळ्या प्रणालींनी निरनिराळे अर्थ लावले. ही संदिग्धता दूर करण्यासाठी २०१४ मध्ये ‘कॉमनमार्क’ हा तपशीलवार नियमसंच पुढे आला. गिटहब त्यावर आधारित नियम वापरते. पायथन-मार्कडाउन ही प्रणाली मात्र जुनी चार स्पेसची रीत पाळते. त्यामुळे एकच फाइल एका ठिकाणी नीट, तर दुसऱ्या ठिकाणी विस्कटलेली दिसू शकते.

## मोकळ्या जागेचा नियम

कॉमनमार्कमध्ये कलमाचा मजकूर ज्या स्तंभात सुरू होतो, तेथपर्यंत पुढील ओळी आत सरकवाव्या लागतात. `- ` या चिन्हाने दोन जागा व्यापल्या जातात, म्हणून दोन स्पेस पुरतात; `1. ` साठी तीन आणि `10. ` साठी चार लागतात. नऊ कलमांपर्यंत नीट दिसणारी यादी दहाव्या कलमापाशी बिघडते, त्याचे कारण हेच.

जागा जास्त झाली तरीही दोष उद्भवतो. अपेक्षित स्तंभाच्या पुढे आणखी चार स्पेस असल्या आणि आधी रिकामी ओळ असली, तर तो मजकूर कोड ब्लॉक ठरतो. रिकामी ओळ नसल्यास तोच मजकूर वरच्या वाक्याला जोडला जातो व उपयादीचे `-` चिन्ह वाक्याच्या मध्येच दिसते.

## उदाहरण

वर्सोव्याच्या छायाचित्रांची मांडणी सांगणारी पुढील फाइल पाहावी.

````
1. फोल्डर तयार करा.
```
mkdir versova
```
1. छायाचित्रे त्यात ठेवा.
  - कोळीवाडा
  - समुद्रकिनारा
````

सर्व कलमांना `1.` लिहिणे चुकीचे नाही. पुढचे क्रमांक प्रणाली स्वतः देते. येथे मात्र कोड ब्लॉक ओळीच्या अगदी आरंभी असल्याने पहिली यादी तेथेच संपते. दुसरे कलम नव्या यादीचे पहिले कलम होते आणि वाचकाला दोन्ही ठिकाणी १ हाच क्रमांक दिसतो. कोळीवाडा व समुद्रकिनारा यांच्या आधी दोनच स्पेस आहेत, तीन हव्या होत्या. म्हणून त्यांची वेगळी, स्वतंत्र यादी बनते. दुरुस्त रूप असे:

````
1. फोल्डर तयार करा.

    ```
    mkdir versova
    ```

1. छायाचित्रे त्यात ठेवा.

    - कोळीवाडा
    - समुद्रकिनारा
````

येथे चार स्पेस मुद्दाम घेतल्या आहेत. कॉमनमार्कला तीन पुरेशा असल्या तरी चारही चालतात, आणि पायथन-मार्कडाउनमध्येही उपयादी योग्य जागी येते. तथापि त्या प्रणालीचा कुंपणयुक्त कोडसाठीचा मूळ विस्तार यादीच्या आतील कुंपण ओळखत नाही. तेथे कुंपण काढून, आधी रिकामी ओळ ठेवून, कोड आठ स्पेस आत लिहावा लागतो.

## रिकाम्या ओळीचे कार्य

केवळ मोकळ्या जागेने दर्शवलेला कोड परिच्छेदाला लागून लिहिल्यास त्याच परिच्छेदात मिसळतो. दोहोंमध्ये रिकामी ओळ अनिवार्य आहे. परिच्छेदाखालील यादीबाबत पायथन-मार्कडाउनलाही अशी ओळ लागते. कॉमनमार्कमध्ये बिंदूंची यादी परिच्छेदाला लागून सुरू होऊ शकते, परंतु क्रमांकित यादी १ पासून असेल तरच. एखाद्या वाक्याची ओळ तुटून पुढची ओळ योगायोगाने `2014.` अशी सुरू झाली, तर ती यादी समजली जाऊ नये, हा या मर्यादेचा हेतू आहे.

मराठी लेखनात आणखी एक अडचण येते. कॉमनमार्क केवळ 0 ते 9 हे अंक क्रमांक म्हणून ओळखते. `१.`, `२.` असे लिहिल्यास यादी बनतच नाही. लागोपाठच्या ओळी एका परिच्छेदात एकत्र होतात.

## दोष ओळखणे

तयार झालेले एचटीएमएल पाहिल्यास दोषाचे स्थान कळते. उपयादीचा `<ul>` हा बाहेरच्या `<li>` च्या आत असावा. तो `</ol>` नंतर आला असल्यास जागा कमी पडली आहे. अनपेक्षित `<pre><code>` दिसल्यास जागा जास्त झाली आहे. दोन्ही ठीक वाटूनही मांडणी बिघडत असेल, तर टॅब व स्पेस यांची सरमिसळ तपासावी. कॉमनमार्क टॅबचे थांबे चार स्तंभांच्या अंतराने मोजते, तर संपादकात तोच टॅब वेगळ्या रुंदीचा दिसू शकतो. त्यामुळे पडद्यावर सरळ रेषेत दिसणाऱ्या ओळी प्रत्यक्षात वेगवेगळ्या स्तरांवर असू शकतात.