वाद-निवारण कलमातील पायऱ्या

करारातील वाद-निवारणाचे कलम अनेकदा पायऱ्यांचे असते, म्हणजे आधी वरिष्ठांची बोलणी, मग मध्यस्थी, जिथे तटस्थ व्यक्ती तडजोड घडवू पाहते पण निर्णय लादत नाही, आणि ती फसली तरच बंधनकारक निवाडा देणारा लवाद. बोलण्यांना १५ व मध्यस्थीला ३० दिवस ठरले असतील आणि लेखी नोटीस १ एप्रिलला मिळाली असेल, तर ती तारीख वगळून मोजता बोलणी १६ एप्रिलला, मध्यस्थी १६ मे रोजी संपते व १७ मेपासून लवादाची नोटीस देता येते. मुदतच न लिहिल्यास मात्र कोणती पायरी कधी संपली, हाच नवा वाद उभा राहतो.

खरी मेख कलमाच्या शेवटच्या वाक्यात असते. ‘पक्षकारांनी तसे ठरवल्यास वाद लवादाकडे सोपवला जाईल’ अशा आशयाचे भागीदारी-करारातील कलम म्हणजे लवादाचा करारच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर या खटल्यात २००७ मध्ये ठरवले, कारण त्यात वाद झाल्यावर नव्याने संमती घ्यावी लागत होती. भारतात १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम २१ नुसार, अन्यथा ठरले नसल्यास, लवादाची कार्यवाही प्रतिपक्षाला लवादाची नोटीस मिळाल्याच्या दिवशी सुरू होते, पाठवल्याच्या नव्हे. म्हणून पोचपावती जपून ठेवावी.