पाचवीच्या मुलांना निरोप देताना
महाराष्ट्रात प्राथमिक शाळा पूर्वी चौथीला संपत असे. शिक्षण हक्क कायदा, 2009 मध्ये ती पाचवीपर्यंत धरली आहे. म्हणून आता अनेक शाळांत निरोप समारंभ पाचवीचा होतो. सतरंजीवर बसलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी बाईंचे भाषण तीन-चार मिनिटांचे असावे. पाहुण्यांच्या नावांनी सुरुवात झाली की चुळबुळ सुरू होते. त्यापेक्षा थेट आठवण सांगावी: “पहिलीत दप्तर कवटाळून रडणारी तुम्ही मुलं आता परिपाठ स्वतः घेता.” कौतुक फक्त पहिल्या नंबराचे नको, न सांगता कुंड्यांना पाणी घालणाऱ्या मुलाचेही नाव घ्यावे. नव्या शाळेत विषयागणिक शिक्षक बदलतील, याची मुलांना धास्ती असते. तिथे नुसते “घाबरू नका” पुरत नाही. “समजलं नाही तर इथे करायचात तसाच हात वर करा,” म्हटले की धीर येतो.