शेवटच्या पानावरचे चार आकडे

बऱ्याच बँका स्टेटमेंटच्या शेवटी डेबिट आणि क्रेडिटच्या नोंदींची संख्या आणि एकूण रक्कम देतात. पीडीएफमधल्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवल्यावर ताळा याच आकड्यांशी घ्यावा, आणि आधी संख्येचा.

समजा, बँक म्हणते डेबिट ३८, रक्कम १,४६,२५०. आपल्याकडे ३७ आणि १,४३,९००. एक नोंद सुटली, तीही २,३५० रुपयांची. पान बदलते तिथे आधी पाहावे. क्रेडिटमध्ये मात्र एक नोंद आणि तितकेच रुपये जास्त निघाले, तर ती रक्कम चुकीच्या रकान्यात गेली आहे.

संख्या जुळते, बेरीज नाही? मग फरकाला ९ने भागून पाहा. निःशेष भाग गेला, तर बहुधा अंकांची अदलाबदल झालेली असते: ५४०चे ४५०. सर्व जुळले तरी चुकीची तारीख यातून सापडत नाही.