पुण्याच्या गोदामातले चोवीस डबे

वेंगुर्ल्याच्या एखाद्या काजू कारखान्यातून काजूगराचे शंभर डबे पुण्याच्या मार्केट यार्डात अडत्याकडे रवाना झाले, की कारखानदाराने वहीत काय लिहायचं? बरेच जण विक्री लिहून मोकळे होतात. ट्रक गेला, बिल्टी हातात आली, अडत्याने तीन लाखांची उचलही दिली. मग ही विक्री नाही तर काय? नाही, ही विक्री नव्हे. डबे पुण्यात असले तरी मालक वेंगुर्ल्यातच आहे. भाव उतरला, डबे पडून राहिले किंवा गोदामाला आग लागली, तर झळ कारखानदाराला बसते. अडत्या माल विकून देतो आणि कमिशन घेतो. या व्यवहाराला हिशेबनीस कन्साइनमेंट म्हणतात.

व्यवहार खरोखर कन्साइनमेंटचा आहे की नाही हे कागदावरच्या नावावरून ठरत नाही. दोन गोष्टी विचाराव्यात. माल विकला गेला नाही, तरी अडत्याला पैसे द्यावेच लागतात का? आणि मालकाला वाटलं तर तो माल परत मागवू शकतो का, दुसऱ्या बाजारात वळवू शकतो का? पैसे देणं बंधनकारक असेल आणि माल परत मागता येत नसेल, तर ती उधारीची विक्रीच झाली.

आता आकडे घेऊ. ते समजुतीपुरते आहेत. दहा किलोचा एक डबा कारखानदाराला ७,००० रुपयांना पडला. शंभर डब्यांचं ट्रकभाडं आणि विमा मिळून ८,००० रुपये, म्हणजे डब्यामागे ८० रुपये. घाटात ताडपत्री फाटली आणि चार डबे भिजून वाया गेले. उरलेले ९६ पुण्यात उतरले. ते उतरवून गोदामात लावण्याची हमाली अडत्याने भरली, १,९२० रुपये. डब्यामागे २० रुपये. पुढे गोदामभाडं आणि किरकोळ खर्च ३,६०० रुपये झाला. मार्चअखेर ७२ डबे ८,००० रुपयांनी विकले गेले, २४ शिल्लक राहिले.

सगळं घोडं अडतं ते या २४ डब्यांपाशी. त्यांची किंमत काय धरायची? विक्रीचा भाव ८,००० धरला, तर न विकलेल्या मालावरचा नफा आजच वहीत येईल. नुसते ७,००० धरले, तर पुण्यापर्यंतचा खर्च हवेत राहतो. नियम असा की माल विक्रीच्या जागी पोहोचेपर्यंतचा खर्च मालाच्या अंगाला लागतो, पोहोचल्यानंतरचा नाही. म्हणून ७,००० अधिक ८० अधिक २०, एकूण ७,१०० रुपये. चोवीस डबे झाले १,७०,४०० रुपयांचे. गोदामभाडं यात येत नाही, कारण डबा महिनाभर पडून राहिला म्हणून त्याची किंमत वाढत नाही. हे भाडं शिल्लक मालात मिसळलं की या वर्षीचा खर्च पुढच्या वर्षात ढकलला जातो आणि नफा फुगतो. लहान कारखान्यांच्या हिशेबात ही चूक सहज होते, आणि ती वरवर पाहणाऱ्याला दिसतही नाही.

आणखी एक अडचण आहे. अडत्याला आपला पडता भाव कळू नये म्हणून काही मालक कच्च्या बीजकावर किंमत चढवून लावतात, समजा ७,७००. मग शिल्लक मालही त्याच चढ्या भावाने वहीत येतो. डब्यामागचे ते वाढीव ७०० रुपये, म्हणजे २४ डब्यांचे १६,८०० रुपये, वर्षाखेरीला वेगळी तरतूद करून वजा करावे लागतात.

बाजार पडला तर? काजूगराचा भाव ७,३०० वर आला आणि त्यातून अडत्याचं पाच टक्के कमिशन, ३६५ रुपये, गेलं, तर हातात ६,९३५ रुपयेच येणार. तेव्हा डबा ७,१०० ला नव्हे, ६,९३५ ला धरायचा. पडता खर्च आणि विकून हाती येणारी रक्कम, यांतली जी कमी ती घ्यायची. मालकाच्या जिवावर येतं, पण इथे सूट नाही.

भिजलेल्या चार डब्यांचा हिशेब निराळा. ते वाटेतच गेले, म्हणून त्यांच्यावर पुण्याची हमाली चढत नाही; ७,०८० रुपयांनी २८,३२० रुपये होतात. ही रक्कम कन्साइनमेंटच्या खात्यातून काढून नुकसानीच्या खात्यात टाकायची, विम्याचे पैसे आले तर तिथेच वळते करायचे. गुळाचं किंवा कांद्याचं तसं नसतं. गूळ सुकतो, कांद्याला घट येतेच. ही नेहमीची तूट कुठे वेगळी दाखवत नाहीत. एकूण खर्च उरलेल्या वजनावर पसरतात. हजार किलोचा माल ४९,००० रुपयांना पडला आणि २० किलो घट आली, तर उरलेला ९८० किलो ५० रुपये किलोने धरायचा.

आता अडत्याची पट्टी पाहू. विक्री ५,७६,००० रुपये. त्यावर चार टक्के साधं कमिशन आणि एक टक्का डेल क्रेडेअर कमिशन, मिळून २८,८०० रुपये. हा जास्तीचा एक टक्का घेणारा अडत्या गिऱ्हाइकाच्या उधारीची हमी देतो. एखाद्या दुकानदाराने १६,००० रुपये बुडवले तर ते अडत्याचे बुडाले. हमीचं कमिशन ठरलं नसेल तर मालकाचे. हा टक्का फक्त उधारीच्या विक्रीवर की सगळ्या विक्रीवर, हे आधी लिहून घ्यावं. न लिहिल्यास सगळ्या विक्रीवर धरण्याची रीत आहे.

कमिशन, हमाली, भाडं आणि तीन लाखांची उचल वजा जाता अडत्याने २,४१,६८० रुपये पाठवायचे. मालकाला या मालात मिळालेला नफा ३२,४०० रुपये. शंभरही डबे विकले असं ट्रक सुटतानाच लिहिलं असतं, तर याहून बराच जास्त नफा दिसला असता, आणि प्राप्तिकरही त्यावर भरावा लागला असता. अडत्याच्या वहीत मात्र हे डबे खरेदी म्हणून येतच नाहीत. तिथे उत्पन्न दिसतं ते कमिशनचं.

जीएसटीचा कायदा मात्र उलट्या बाजूने बघतो. अडत्या स्वतःच्या नावाने बिल फाडत असेल, तर मालकाने त्याच्याकडे माल पाठवणं हाच कायद्याने पुरवठा ठरतो, आणि मालकाला तेव्हाच कराचं बीजक करावं लागतं. म्हणजे जीएसटीच्या विवरणपत्रात शंभर डबे आणि वहीत विक्री ७२ डब्यांची. दोन्ही बरोबर. कर खात्याची नोटीस आली की पुष्कळ जण घाबरून वहीतली विक्री वाढवतात. त्याऐवजी फरकाचा तक्ता आधीच करून ठेवावा.

अडत्याकडे माल ठेवणाऱ्या प्रत्येकाने ३१ मार्चच्या शिल्लक मालाचा सहीशिक्क्याचा दाखला मागवावा, आणि जमेल तर त्या दिवशी गोदामात आपला माणूस पाठवून डबे मोजून घ्यावेत.