सोनपापडीचे तंतू कसे सुटतात?

सोनपापडी हा साखरेच्या पाकाचे केसासारखे बारीक तंतू ओढून केलेला पदार्थ आहे. हे तंतू एकमेकांना चिकटू न देण्याचे काम तुपात भाजलेले पीठ करते.

घरगुती प्रमाणात बेसन आणि मैदा प्रत्येकी एक वाटी घेतात. तुपात मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत दोन्ही भाजून परातीत पसरतात. हे पीठ पाक ओढेपर्यंत कोमट राहावे लागते. गार पिठाचा स्पर्श होताच पाक कडक होतो आणि तंतू तुटतात.

पाकासाठी दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी आणि चमचाभर लिंबाचा रस लागतो. आंबटपणामुळे थोड्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होते आणि उरलेल्या साखरेचे खडे धरत नाहीत. कारखान्यांत यासाठी बहुधा लिक्विड ग्लुकोज वापरतात. रस जास्त झाला, तर तयार सोनपापडी लवकर ओलावा धरते. पाक साधारण 125 अंश सेल्सिअसपर्यंत चढवतात. थेंब गार पाण्यात टाकल्यावर त्याची घट्ट, पण बोटाने दाबता येणारी गोळी झाली, की पाक उतरवायचा.

हा पाक तूप लावलेल्या थाळीवर ओततात आणि कडा आत घेत राहतात. हाताला सोसवेल इतका निवला, की तो ओढायचा आणि दुमडायचा. हवा कोंडली जाऊन त्याचा पिवळसर, पारदर्शक रंग पालटतो. तो पांढुरका आणि रेशमासारखा चकचकीत दिसू लागतो. मग त्याचे जाड कडे करून पिठात ठेवतात.

कडे सर्व बाजूंनी सारखे ओढून मोठे करायचे, पीळ देऊन इंग्रजी आठचा आकार करायचा आणि दोन्ही वेटोळी एकमेकांवर ठेवून पुन्हा ओढायचे. दर वेळी पदर दुप्पट होतात: 2, 4, 8, 16. दहाव्या घडीला 1024 आणि बाराव्या घडीला 4096. प्रत्येक घडीला वरून पीठ चोळावे लागते. कोरडा राहिलेला भाग लगेच शेजारच्या पदराला चिकटून गाठ होते. मोठ्या कारखान्यांत हेच कडे चार-सहा जण परातीभोवती बसून एकत्र ओढतात.

बिघाड कुठे झाला, हे हाताला कळते. पाक कच्चा असेल तर कडे लोंबते आणि पिठात विरघळल्यासारखे होते. फार चढलेला पाक ओढताना काचेसारखा मोडतो. पाकाला खडे धरले असतील तर तार सुटतच नाही, हाती भुगा येतो.

तंतू तयार झाले, की वेलची आणि पिस्त्याचे काप घालून ते ताटात हलकेच थापतात. जोरात दाबले तर पदर बसून वडी घट्ट होते. कडक साखर हवेतील ओलावा ओढून घेते. म्हणून वड्या निवताच हवाबंद डब्यात भराव्यात आणि पावसाळी हवेत सोनपापडी करणे टाळावे.