दुकानदारासाठी दीड मिनिटाची चित्रफीत

हिशेबाच्या संगणक-प्रणालीची ओळख करून देणारी चित्रफीत लिहावयास बसलेला लेखक बहुधा प्रणालीच्या गुणांपासून आरंभ करतो, आणि तेथेच फसतो. बेळगावच्या पेठेतील किराणा दुकानदाराला गुणांशी कर्तव्य नसते. वही त्याच्या हस्ताक्षरातली असते. यंत्रातला आकडा चुकला तर जाब कोणाला विचारावा, हा त्याचा प्रश्न. तो रास्तही आहे.

म्हणून संहितेचा आरंभ दुकानातल्या वादापासून करावा. गिऱ्हाइकाने 640 रुपयांचा माल उधार नेला आणि चार दिवसांनी 400 रुपये रोख दिले. गर्दीत ती रक्कम कीर्दीत जमा झाली, पण गिऱ्हाइकाच्या खातेपानावर चढवावयाची राहून गेली. महिनाअखेर दुकानदार 640 मागतो, गिऱ्हाईक 240 म्हणते. पहिली वीस सेकंदे एवढेच दाखवावे. प्रणालीचे नावही घेऊ नये.

मग तोच व्यवहार पुन्हा घडावा. टॅलीप्राइममध्ये नोंदींच्या पडद्यावर F6 ही कळ दाबली की जमेची नोंद उघडते. गिऱ्हाइकाचे खाते निवडून 400 लिहिले की रोख शिल्लक तितकी वाढते आणि त्याच नोंदीने खात्यावरचे येणे 240 वर उतरते. कीर्दीतून खात्यात उतरवून घेण्याचे काम उरत नाही. बदललेला आकडा पडद्यावर निदान तीन सेकंद ठेवावा. चित्रफीत दुकानाच्या गलबल्यात, आवाज बंद ठेवून पाहिली जाणार. तेव्हा 640, 400 आणि 240 हे आकडे ठळक लिहूनही दाखवावेत.

यापुढचा भाग लेखक सहसा गाळतात, पण विश्वास बसतो तो त्यानेच. नोंद करावयाचीच राहिली, तर यंत्राला ते कळत नाही. रात्री गल्ला मोजताना रोकड हिशेबापेक्षा 400 रुपयांनी जास्त भरते, तेव्हा चूक उमगते. दोन पाटलांपैकी भलत्याच्याच खात्यात रक्कम पडली, तर गल्लाही जुळतो आणि बेरीजही. ती चूक गिऱ्हाइकाच्या हाती खातेउतारा दिला तरच उघडकीस येते. संहितेतल्या दुकानदाराने ही दुसरी चूक करावी, जुनी नोंद उघडून नाव दुरुस्त करावे, आणि हे सारे प्रेक्षकाने पाहावे.

शेवटी संगणक बिघडल्याची भीती. हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन तो घरी नेताना दाखवणे पुरेसे नाही. दुसऱ्या संगणकावर ती प्रत उघडून तेच 240 रुपये दिसले पाहिजेत. प्रत घेतल्यानंतरच्या नोंदी तीत नसतात, हेही एका वाक्यात सांगावे. त्या नोंदी पुन्हा करण्यासाठी बिलबुक लागते, म्हणून चित्रफितीतल्या दुकानदाराच्या हाताशी ते असू द्यावे.